घरचा ताळेबंद जूनअखेर मांडावा



कारखान्याचा वार्षिक अहवाल घरी आला की आपण मधली पाने उलगडून ताळेबंद बघतो. डाव्या बाजूला देणी, उजव्या बाजूला मालमत्ता, आणि प्रत्येक रकमेशेजारी गेल्या सालची रक्कम. कर्ज किती वाढले, ठेवी किती, नक्त मूल्य किती, यावर वार्षिक सभेत सभासद उठून प्रश्न विचारतात. विचारलेच पाहिजेत. पण जो सभासद कारखान्याच्या नक्त मूल्यावर अर्धा तास बोलतो, त्याच्या स्वतःच्या घरचे नक्त मूल्य किती, आणि गेल्या सालापेक्षा ते वाढले की घटले, असे विचारले तर उत्तर येत नाही. "यंदा बिल बरं झालं," एवढ्यावर साल संपते.

बिल बरे झाले म्हणजे घर वर आले असे नव्हे. बिल ही एका हंगामाची आवक झाली. त्यातून काय फिटले, काय उरले, आणि दुसऱ्या कुठल्या खात्यात नवे कर्ज चढले, हे बिलाच्या कागदावर लिहिलेले नसते. म्हणून वर्षातून एकदा, एका ठरलेल्या तारखेला, घरची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी एका कागदावर आणावीत, वजाबाकी करावी, आणि गेल्या सालच्या कागदाशी ताडून बघावे असे आमचे म्हणणे आहे. काम एका दुपारचे आहे. मात्र ते ज्या त्या पद्धतीने केले तर कागद खोटे बोलतो. कुठे खोटे बोलतो ते या लेखात सांगायचे आहे.

तारीख कोणती?

पहिला घोटाळा तारखेत होतो. हिशेबाची तारीख म्हटली की सगळ्यांच्या तोंडी ३१ मार्च येते, कारण बँकेचे, सोसायटीचे आणि सरकारचे साल तिथे संपते. उसाच्या शेतकऱ्याला मात्र ही तारीख फसवी आहे. कारण काय, तर नवे-जुने. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीचे पीककर्ज भरायचे आणि एप्रिलमध्ये तेच परत उचलायचे, हा आपल्या भागातला रिवाज. त्याला कारणही आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला २०२१ पासून आपल्या राज्यात व्याज पडत नाही, आणि मुदत चुकली की व्याज चढते. मग भरायला पैसे कुठून येतात? बिलाचे पैसे खर्चून गेलेले असले तर आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणायचे, सोसायटीत भरायचे, आणि नवे कर्ज निघाले की ते परत द्यायचे.

आता ३१ मार्चला ताळेबंद मांडा. सोसायटीच्या पासबुकात बाकी शून्य. हातउसन्याला पासबुक नसते. म्हणजे कागदावर तीन लाखांचे कर्ज गायब. घर जागेवरच आहे, देणे फक्त सोसायटीच्या खात्यातून शेजाऱ्याच्या वहीत गेले आहे, तेही आठ दिवसांसाठी. या एका तारखेचा आधार धरला तर दरसाल आपण कर्जमुक्त दिसू, आणि दरसाल १० एप्रिलला पुन्हा कर्जात असू.

पाडवा धरावा असे काही जण सुचवतात. मन त्या दिवशी प्रसन्न असते हे खरे, पण पाडवा तिथीने येतो. २०२४ साली तो ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, आणि २०२६ साली १९ मार्चला. म्हणजे एका साली पाडव्यापर्यंत नवे कर्ज उचलून झालेले, दुसऱ्या साली ऐन नव्या-जुन्याच्या गडबडीत, तिसऱ्या साली कर्ज भरायच्या आधी. तीन कागद तीन वेगळ्या वेळचे असले तर त्यांची तुलना कशी करायची?

आमचे मत ३० जूनचे आहे. शेतीचे साल जुलै ते जून धरतात, ते उगीच नव्हे. जूनअखेर गाळप हंगाम संपलेला असतो, बिलाचे बहुतेक पैसे आलेले असतात, नवे पीककर्ज उचलून झालेले असते आणि हातउसने परत गेलेले असते. आडसालीच्या नव्या लागणीचा खर्च अजून सुरू व्हायचा असतो. घराची गाडी क्षणभर थांबलेली असते, तेव्हा तिचे वजन करावे. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली तारीख नाही. देशभरातल्या कुटुंबांची मालमत्ता आणि कर्ज मोजणारी अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी राष्ट्रीय नमुना पाहणीमार्फत होते. तिनेही १९८१, १९९१, २००२, २०१२ आणि २०१८ या सालांचा आकडा ३० जूनचाच धरलेला आहे.

ज्याच्या कर्जाची मुदतच जूनअखेर पडते, त्याने १५ जुलै धरावी. आपल्या नव्या-जुन्याच्या दिवसांपासून तारीख लांब असावी आणि दरवर्षी तीच असावी, एवढे बघितले की झाले.

खाती गोळा करताना

दुसरा प्रश्न, कुणाची खाती? सातबारा वडिलांच्या नावे, कारखान्याचा शेअर थोरल्याच्या नावे, सोसायटीचे कर्ज दोघांच्या नावे, दुधाचे पैसे मालकिणीच्या खात्यावर, ट्रॅक्टरचे कर्ज धाकट्याच्या नावे, आणि पतसंस्थेची ठेव कुणाच्या नावे ते पावती सापडल्यावर कळणार! नावावर जायचे नाही. एक चूल, एक कागद. ज्यांचा खर्च एका चुलीवर होतो त्यांची सगळी खाती एकत्र धरावीत. नाहीतर दुधाचे पैसे मालकिणीच्या खात्यातून मालकाच्या खात्यात आले की मालकाला कमाई वाटते आणि मालकिणीला खर्च वाटतो. घराचे मात्र ना वाढले ना घटले.

प्रत्येक खात्याची ३० जूनची बाकी पासबुकावरून घ्यावी. मोबाइलवर जी बाकी दिसते ती बघितल्या क्षणाची असते. आज एक खाते बघितले आणि आठ दिवसांनी दुसरे, तर मधल्या काळात एकातून दुसऱ्यात गेलेली रक्कम दोन्हीकडे मोजली जाते, नाहीतर दोन्हीकडून सुटते. कर्जाच्या खात्यात मुद्दल आणि त्या तारखेपर्यंतचे व्याज दोन्ही विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी व्याज मार्चअखेर एकदाच नावे पडते आणि एप्रिल ते जूनचे व्याज पासबुकात दिसत नाही.

कारखान्याच्या बाबतीत एक खास अडचण आहे. सोसायटीची कपात ऊस बिलातूनच होते. बिलाच्या स्लिपवर एकूण रक्कम, कपाती आणि खात्यावर जमा केलेली निव्वळ रक्कम असे सगळे लिहिलेले असते. कपात झालेली रक्कम कारखान्याकडून बँकेला आणि तिथून सोसायटीच्या खतावणीत जाते. या प्रवासाला दिवस लागतात. नेमक्या आपल्या तारखेला ती वाटेत असली तर काय होते? आपल्या बिलातून पैसे गेलेले आहेत, सोसायटीच्या पासबुकात मात्र कर्ज तसेच आहे. पासबुक प्रमाण मानले तर ती रक्कम घरात नाही आणि कर्जही फिटलेले नाही, म्हणजे हवेत गेली. अशा वेळी कपातीची स्लिप हाच पुरावा धरावा, तेवढी रक्कम कर्जातून वजा करावी आणि शेजारी लिहावे, "स्लिपप्रमाणे कपात, जमा व्हायची आहे." पुढच्या महिन्यात सोसायटीत जाऊन ती जमा झाली का ते बघावे. झाली नसेल तर तेव्हाच तक्रार करता येते. दोन वर्षांनी स्लिप सापडत नाही आणि कुणाला आठवतही नाही.

येणे बाजूला फक्त जाहीर झालेला आणि हातात न आलेला हप्ता लिहावा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, त्यामुळे जूनअखेर मुळात फार काही येणे राहायला नको. दिवाळीला अमुक हप्ता निघेल अशी बोलवा कितीही असली तरी संचालक मंडळाने जाहीर करेपर्यंत ते येणे नव्हे. कुणाला दिलेले हातउसने तीन वर्षे परत आले नसेल तर तेही येण्यात धरू नये. आलेच तर त्या सालची वाढ समजावी.

किंमत कशी धरायची?

पासबुकातली रक्कम वाचता येते. ज्याला पासबुक नाही त्याची किंमत आपणच ठरवतो, आणि इथेच माणूस स्वतःला फसवतो. उपाय एकच. नियम एकदा ठरवायचा, कागदाच्या तळाला लिहायचा आणि दरसाल तोच वापरायचा. नियम थोडा चुकीचा असला तरी चालेल, कारण तीच चूक दोन्ही सालांत असते आणि वजाबाकीत निघून जाते. नियम बदलला तर मात्र फरकाला काही अर्थ राहत नाही.

कारखान्याचा आणि सोसायटीचा शेअर भरलेल्या रकमेने धरावा. हा मुंबईच्या बाजारातला शेअर नव्हे, त्याचा भाव चढत-उतरत नाही. परतीची ठेव पूर्ण धरावी. बिनपरतीची ठेव बेरजेत घेऊ नये, तळाला नुसती नोंद ठेवावी. विम्याची पॉलिसी पाच लाखांची आहे म्हणून पाच लाख लिहू नयेत. ती रक्कम मुदत पुरी झाल्यावर किंवा माणूस गेल्यावरची. आज पॉलिसी मोडली तर जे हातात येईल ते सरेंडर मूल्य लिहावे. ट्रॅक्टर आणि अवजारे गेल्या सालच्या रकमेतून शेकडा १५ घसारा वजा करून लिहावीत.

शेतात उभा ऊस कसा धरायचा, यावर वाद होतो. वर सांगितलेल्या सरकारी पाहणीत उभे पीक मालमत्तेत धरत नाहीत. त्यामागे शहाणपण आहे, कारण जूनमध्ये दिसणारा ऊस काट्यावर किती टन भरेल ते पाऊस, हुमणी आणि तोडीची तारीख ठरवणार. पण आपल्याला तो अगदी सोडून चालत नाही. त्या उसासाठी काढलेले कर्ज देण्यात पूर्ण दिसते. ज्या साली दोन एकर जास्त लागण केली त्या साली कर्ज वाढलेले दिसेल आणि समोर काहीच दिसणार नाही. म्हणून आमचे मत असे की उभा ऊस झालेल्या खर्चाने धरावा. नांगरट, बेणे, खत, मजुरी यांवर आजवर जे गेले तेवढेच. एकरी इतके टन गुणिले इतका भाव, असे करू नये. तसे केले की न आलेला पैसा आजच श्रीमंती म्हणून लिहिला जातो आणि हंगामानंतर तोच तोटा म्हणून दिसतो.

राहिली जमीन. जमीन बेरजेत रुपयांनी घेऊच नये. तिचे एकर-गुंठे वेगळ्या ओळीत लिहावेत. बारामतीच्या आसपास जमिनीचे भाव कसे आहेत ते सांगायला नको. पाच एकराची किंमत रुपयांत लिहिली की तिच्यापुढे चार-आठ लाखांचे कर्ज मुंगीएवढे दिसते. शेजारच्या गटाचा व्यवहार चढ्या भावाने झाला की आपण काही न करता दहा लाखांनी श्रीमंत होतो, आणि त्याच साली खत दुकानाची उधारी दुप्पट झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या जमिनीवर आपण जगतो ती विकायची नसेल तर तिचा भाव आपल्या काही कामाचा नाही. एकर-गुंठ्यांची ओळ मात्र फार कामाची. एखाद्या साली कर्ज एकदम कमी झालेले दिसले तर आधी या ओळीकडे बघावे. तिथून वीस गुंठे कमी झाले असतील तर कर्ज कष्टाने नव्हे, जमिनीने फेडलेले आहे.

सोन्याची गोष्ट जमिनीसारखीच, पण ते गहाण टाकता येते म्हणून त्याला बेरजेत जागा द्यावी लागते. त्याची वाढ मात्र वेगळी काढावी. कशी, ते उदाहरणातून बघू.

एक कागद मांडून बघू

कन्हेरीच्या शिवारातले पाच एकर बागायत, एक ट्रॅक्टर, तीन-चार गाई असलेले एक घर समजा. पुढचे आकडे समजण्यासाठी आम्ही मांडलेले आहेत, कुणा एका सभासदाचे नाहीत. पण अशी घरे आपल्या गटात कितीतरी आहेत. पहिला आकडा ३० जून २०२४ चा, दुसरा ३० जून २०२५ चा.

मालमत्ता (रुपये)
बँक खाती व रोख: ६०,००० — १,१०,०००
पतसंस्थेतील ठेव: १,००,००० — १,५०,०००
कारखान्याचे शेअर व परतीची ठेव: ४०,००० — ४०,०००
सोसायटीचे शेअर: १५,००० — १५,०००
जाहीर झालेले येणे ऊस बिल: ५०,००० — काही नाही
विमा, सरेंडर मूल्य: ८०,००० — ९५,०००
जनावरे: २,००,००० — २,४०,०००
ट्रॅक्टर व अवजारे: ५,००,००० — ४,२५,०००
उभा ऊस, झालेल्या खर्चाने: १,८०,००० — १,८०,०००
सोने, ५० ग्रॅम: ३,६०,००० — ४,८०,०००
एकूण मालमत्ता: १५,८५,००० — १७,३५,०००

देणी (रुपये)
सोसायटी पीककर्ज: ३,००,००० — ३,००,०००
ट्रॅक्टरचे कर्ज: ४,२०,००० — ३,१०,०००
खत दुकानाची उधारी: ४५,००० — ७०,०००
हातउसने: ६०,००० — ३५,०००
सोनेतारण कर्ज: काही नाही — १,५०,०००
एकूण देणी: ८,२५,००० — ८,६५,०००

नक्त मूल्य: ७,६०,००० — ८,७०,०००
जमीन: ५ एकर — ५ एकर

वरवर बघितले तर साल झकास गेले. एक लाख दहा हजारांची वाढ. घरातल्यांनाही तसेच वाटत असणार, कारण बँकेत पन्नास हजार जास्त आहेत, पतसंस्थेत पन्नास हजार जास्त आहेत आणि ट्रॅक्टरचे लाखभर फिटले आहे. दुसरा ट्रॅक्टर किंवा नवी विहीर काढायची बोलणी अशाच साली सुरू होतात.

आता सोन्याची ओळ बघा. सोने ५० ग्रॅम होते, ५० ग्रॅमच आहे. जून २०२४ अखेर दहा ग्रॅमचा भाव साधारण ७२ हजार होता, तो जून २०२५ अखेर साधारण ९६ हजारांवर गेला. यातून १,२०,००० ची वाढ झाली, आणि तिच्यात घरातल्या कुणाच्या घामाचा थेंब नाही. ती एकूण वाढीतून काढा. १,१०,००० वजा १,२०,००० म्हणजे उणे १०,०००. भावाची भरती बाजूला केली तर हे घर सालभर राबून दहा हजारांनी खाली गेले आहे.

मग बँकेतले जास्तीचे लाख कुठून आले? त्यातले पन्नास हजार गेल्या सालच्या बिलाचे, तेव्हा येणे होते ते आता हातात आले. म्हणजे या सालची कमाई नव्हे, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत आलेली रक्कम. ट्रॅक्टरचे मुद्दल १,१०,००० फिटले आणि हातउसने २५,००० कमी झाले हे खरे. पण खाली सोनेतारणाची दीड लाखांची ओळ नवी उगवली आणि खत दुकान २५,००० ने वाढले. फिटले १,३५,०००, चढले १,७५,०००. कर्ज फिटले नाही, त्याने घर बदलले. त्यातच पतसंस्थेत पन्नास हजार नवे ठेवले. सोन्यावर कर्ज काढायचे आणि त्याच साली ठेव वाढवायची, म्हणजे ठेवीवर जे व्याज मिळते त्याहून जास्त व्याज कर्जावर भरायचे. प्रत्येक खाते वेगवेगळे बघितले तर यातले काहीच दिसत नाही. पतसंस्थेची पावती बघून आनंद होतो, सोनेतारणाची पावती कपाटात असते. दोन्ही एका कागदावर आल्या की मगच कळते, की पन्नास हजारांची ठेव मोडून सोनेतारण लाखावर आणणे हे पहिले काम आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरचे नाव तूर्त काढायला नको.

यातली एक ओळ खऱ्या वाढीची आहे, तीही सांगितली पाहिजे. जनावरांत चाळीस हजार वाढले ते घरची कालवड गाय झाली म्हणून. गाईंचा धरलेला भाव दोन्ही साली तोच आहे, म्हणजे ही वाढ बाजाराने दिलेली नाही, गोठ्याने दिलेली आहे.

काही सुटले का, हे कसे कळते?

या घराने सोनेतारण लिहायचे विसरले असते तर नक्त मूल्य १०,२०,००० दिसले असते आणि वाढ दोन लाख साठ हजारांची. कागद दिसायला तितकाच नीटनेटका राहिला असता. म्हणून ताळा करावा लागतो. सालभराची सगळी पासबुके घेऊन बसावे आणि प्रत्येक मोठ्या जमा रकमेपुढे ती कशाची ते लिहावे. ऊस बिल, दूध बिल, शेतमालाची पट्टी, पगार. यातली जी नाही ती तीनच जागांहून येऊ शकते. आपल्याच दुसऱ्या खात्यातून आली, काहीतरी विकून आली, किंवा कर्ज काढून आली. दुसऱ्या खात्यातून आली असेल तर तिथे तेवढी नावे पडलेली दिसली पाहिजे. विकून आली असेल तर मालमत्तेतली एखादी ओळ कमी झालेली असली पाहिजे. दोन्ही नसेल तर कुठेतरी कर्जाचा कागद आहे आणि तो आपल्या यादीत नाही. तो शोधावा. जमिनीवरच्या बोजासाठी सातबाऱ्यावरचे "इतर हक्क" वाचून बघावेत. फिटलेल्या कर्जाचा बोजा तिथे राहून गेलेला असतो, तोही याच वेळी सापडतो.

दुसऱ्याच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असलो तर ती रक्कम बेरजेत धरू नये, पण कागदाच्या तळाला नावानिशी लिहावी. ते देणे आज आपले नाही, उद्या होऊ शकते.

या कागदाला मर्यादाही आहे. किती फरक पडला ते तो सांगतो, का पडला ते सांगत नाही. उणे दहा हजार आले म्हणजे शेती तोट्यात गेली असे लगेच समजू नये. त्या साली मुलाची कॉलेजची फी भरली असेल, आजारपण निघाले असेल, लेकीचे लग्न झाले असेल. पैसा वाया गेला नाही, पण कागदावर त्याला ओळ नाही. म्हणून सालातले दोन-तीन मोठे घरखर्च तळाला लिहून ठेवावेत. नव्वद हजार फी भरूनही घर फक्त दहा हजारांनी उतरले असेल तर ते साल वाईट म्हणता येत नाही. आणि फी नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, तरी दहा हजार उतरले असतील तर मग उसाच्या खर्चाची वही उघडायची वेळ आली आहे. तसेच एका सालावरून निकाल देऊ नये. आडसाली ऊस दीड वर्षाचा, एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत त्याचे माप पुरे होत नाही. तीन कागद शेजारी ठेवले की घराचा कल दिसू लागतो.

एक मागणी

शेवटी संचालक मंडळापुढे एक गोष्ट ठेवावीशी वाटते. सभासदाचा ऊस, शेअर, ठेव आणि कपाती यांची नोंद कारखान्याच्या दप्तरात सभासद क्रमांकाने आहेच. जूनअखेर प्रत्येक सभासदाला एकच पानाची स्लिप मिळावी. तिच्यावर भरलेले शेअर, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, येणे बिल, आणि सालभरात सोसायटी व बँकेकडे वर्ग केलेली कपात तारखेनिशी असावी. शेतकी खात्याच्या गट कार्यालयातून ती वाटता येईल. आज ही माहिती मिळवायला सभासदाला तीन टेबले फिरावी लागतात, आणि तीन टेबले फिरायची म्हटली की माणूस "जाऊ द्या" म्हणतो. कपातीची रक्कम सोसायटीत वेळेवर जमा झाली की नाही, हेही या एका स्लिपने उघड होईल.

स्लिप निघो न निघो, येत्या ३० जूनला वहीचे एक पान घ्यावे, मधोमध रेघ मारावी, आणि एका बाजूला आहे ते आणि दुसऱ्या बाजूला द्यायचे ते लिहून काढावे. पहिल्या साली फरक दिसणार नाही, कारण ताडायला मागचे पान नाही. ते पान जपून ठेवावे. पुढच्या जूनला त्याच्या शेजारी दुसरे पान लागेल, आणि मग बिल बरे झाले की घर बरे झाले, हे वेगवेगळे वाचता येईल.